रांगेगणिक मोजणी

वसई रोड स्टेशनाच्या पूर्वेला, महामार्गाच्या दिशेने गोखिवरे, सातिवली, वालीव अशा औद्योगिक वसाहती पसरल्या आहेत. गाळ्याला लागून गाळा, मध्ये अरुंद रस्ता. कुठे स्टीलची भांडी तयार होतात, कुठे प्लॅस्टिकच्या वस्तू, कुठे यंत्रांचे सुटे भाग. यातला परदेशी जाणारा माल बहुधा न्हावा शेवा बंदरातून जातो. त्यासाठी रिकामा कंटेनर ट्रेलरवर चढून गाळ्याच्या दारी येतो, तिथे भरला जातो, सील होतो आणि बंदराकडे निघतो. अनेक जुन्या गाळ्यांना डॉक नाही, म्हणजे ट्रेलरच्या उंचीचा भराईचा ओटा नाही. कंटेनरची जमीन माणसाच्या छातीपर्यंत येते. खाली दोघे, वर दोघे, आत तिघे अशी टोळी हातोहात खोके सरकवते. गल्लीत ट्रेलर वळत नसेल तर तो रस्त्यावरच थांबतो आणि माल टेम्पोने तिथवर न्यावा लागतो. मग एकच खोका दोनदा चढतो, एकदा उतरतो आणि हिशेबातून निसटण्याच्या जागा वाढतात.

या सगळ्या धावपळीत दाराशी एक माणूस हातात पॅड घेऊन उभा असतो. त्याच्याकडे दोन कागद असतात. एक लोड प्लॅन, म्हणजे कोणता खोका कंटेनरमध्ये कुठे बसायचा त्याचा आराखडा. दुसरी पॅकिंग लिस्ट, म्हणजे किती खोके, कोणत्या क्रमांकाचे, आत कोणता माल आणि वजन किती याची यादी. प्लॅन वाचायचा आणि चढणारा प्रत्येक खोका यादीशी ताडून पाहायचा, हे त्याचे काम. मला हा लेख त्या कामावरच लिहायचा होता. कारण परदेशातल्या गोदामात दार उघडेपर्यंत एकेक खोका मोजणारा तो बहुधा शेवटचा माणूस असतो.

पूर्वी तसे नव्हते. माल सुटा यायचा, तेव्हा मुंबईच्या गोदीत टॅली क्लार्क हे स्वतंत्र पद होते. जहाजावर चढणारी गोणी, पेटी, पिंप तिथे मोजले जाई. कंटेनर आला आणि ती मोजणी गोदीतून उठून कारखान्याच्या दारात आली. बंदराला आता मिळते ती एक बंद लोखंडी पेटी. आत काय आहे हे कागद सांगतात. म्हणूनच जहाज कंपनी आपल्या बिल ऑफ लेडिंगवर ‘शिपर्स लोड, स्टो अँड काउंट’ अशी ओळ छापते. भरले पाठवणाऱ्याने, रचले पाठवणाऱ्याने, मोजलेही पाठवणाऱ्याने. आकड्याची हमी आम्ही देत नाही, असा तिचा अर्थ. सील शाबूत राहून माल कमी निघाला तर जहाज कंपनी या ओळीवर बोट ठेवते. मग विम्याचा दावाही अवघड होतो, कारण चोरीची खूणच नसते. आपल्याकडे २०१७पर्यंत कारखान्यातल्या भराईला अनेकदा अबकारी खात्याचा अधिकारी हजर राहून सील करी. जीएसटी आल्यावर निर्यातदाराने स्वतः इलेक्ट्रॉनिक सील लावायची पद्धत सुरू झाली. सोय झाली, पण दाराशी उभा असलेला आणखी एक साक्षीदार कमी झाला.

आता प्लॅन वाचू. हिशेब स्पष्ट दिसावा म्हणून एक नमुना घेतो. कंटेनरची मापे नेहमीची आहेत, ऑर्डरचे आकडे मी समजावण्यासाठी घेतले आहेत. वीस फुटी कंटेनर आतून साधारण ५९० सेंटिमीटर लांब, २३५ रुंद आणि २३९ उंच असतो. माल स्टीलच्या डब्यांचा, तीन प्रकारचा. त्यांना अ, ब, क म्हणू. तिन्हींचे खोके एकाच मापाचे, ५७ लांब, ३८ रुंद, ३९ उंच. यादीत ‘अ’चे १४४ खोके, क्रमांक १ ते १४४. ‘ब’चे १२०, क्रमांक १४५ ते २६४. ‘क’चे ९०, क्रमांक २६५ ते ३५४. एकूण ३५४.

प्लॅनवर आधी शोधायचे ते दार. चित्रात कंटेनर आडवा काढलेला असतो. एका टोकाला बंद भिंत, दुसऱ्या टोकाला दार. कोणते टोक कोणते हे पक्के न करता भराई सुरू झाली तर सगळा क्रम उलटतो. पहिली रांग नेहमी बंद भिंतीला टेकते. म्हणजे जे आधी चढते ते परदेशात सर्वांत शेवटी उतरते. डावे-उजवे दाराकडून आत पाहताना धरायचे, की चित्राकडे पाहताना, हे टोळीच्या मुकादमाला सुरुवातीलाच सांगावे लागते.

मग एक रांग म्हणजे किती खोके ते पाहायचे. रुंदीला ३८चे सहा खोके बसतात, २२८ सेंटिमीटर भरतात आणि सात उरतात. उंचीला ३९चे सहा थर, म्हणजे २३४. छतापर्यंत पाच सेंटिमीटर मोकळे. एका रांगेत छत्तीस. लांबीला ५७च्या दहा रांगा, ५७० सेंटिमीटर. दाराशी वीस उरतात. दहा गुणिले छत्तीस म्हणजे ३६०. मग प्लॅनमध्ये ३५४ का? सहा खोके कुठे गेले?

ते दहाव्या रांगेच्या वरच्या थरातून वगळलेले आहेत. कंटेनरच्या दाराची चौकट आतल्या छतापेक्षा ठेंगणी असते, वीस फुटीत साधारण २२८ सेंटिमीटर. आतल्या रांगांना वरचा थर चढवताना खोका आत नेऊन उचलता येतो. शेवटची रांग दारालाच लागलेली असते, तिथे उचलायला जागाच नसते. पाच थर झाले की १९५ सेंटिमीटर होतात. चौकटीपर्यंत ३३ उरतात आणि खोका ३९चा आहे. म्हणून दहाव्या रांगेत पाचच थर, तीस खोके. नऊ रांगा छत्तीसच्या आणि एक तीसची, बेरीज ३५४. जागा फक्त घनफळाने मोजणाऱ्याला हे दिसत नाही. आमचे गणित तर बरोबर होते, असे म्हणत सहा खोके हातात घेऊन दाराशी उभे राहायची वेळ त्यातूनच येते.

आता माल रांगांवर उतरवू. ‘अ’चे १४४ म्हणजे बरोबर चार रांगा. ‘ब’चे १२०, त्यात पाचवी, सहावी, सातवी रांग पूर्ण भरते आणि १२ उरतात. ते आठव्या रांगेच्या खालच्या दोन थरांत बसतात. त्यांच्या वरचे चार थर ‘क’चे, २४. नववी रांग ‘क’ची ३६ आणि दहावी ‘क’ची ३०. चोवीस, छत्तीस, तीस मिळून नव्वद. प्लॅन हातात आल्यावर मोजणाऱ्याने ही मांडणी स्वतः करून पाहावी आणि प्रत्येक रांगेच्या शेवटी कोणत्या मालाची किती बेरीज व्हायला हवी ते पॅडवर आधीच लिहून ठेवावे. चौथ्या रांगेला ‘अ’ १४४. सातव्या रांगेला ‘ब’ १०८. आठव्याला ‘ब’ १२० आणि ‘क’ २४. भराई चालू असताना बेरजा करायला कोणी थांबत नाही. आठवी रांग मिश्र आहे, तिच्याभोवती पेनने गोल करावा; माल बदलतो तिथेच हात चुकतो.

इथे मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट येते. खोका त्याची रांग उघडी असेपर्यंतच मोजता येतो. पुढची रांग लागली की मागची छत्तीसच्या छत्तीस झाकली जाते. दार बंद करताना समोर दिसतात ते फक्त दहाव्या रांगेचे तीस खोके आणि त्यांच्यावरून नवव्या रांगेचा वरचा थर. म्हणून ‘शेवटी एकदा मोजू’ या वाक्याला कंटेनरमध्ये अर्थ नाही. प्रत्येक रांग पूर्ण झाली की टोळीला थांबवायचे, रांग सहा आडवे आणि सहा उभे अशी डोळ्यांनी पाहायची, पॅडवरची बेरीज जुळवायची, फोटो घ्यायचा आणि मगच पुढची लावायची. नऊ वेळा थांबायचे. टोळीला हे आवडत नाही, कारण तिची मजुरी मालावर ठरते, थांबण्यावर नाही. म्हणून मुकादमाशी हे आधीच बोलून ठेवावे लागते.

रेघांची टॅली सगळ्यांना ठाऊक असते. चार उभ्या रेघा, पाचवी आडवी, पाचचा जुडगा. ती वेगवान आहे, पण तिला फक्त संख्या कळते. कोणता खोका गेला ते कळत नाही. ही उणीव किती महागात पडते ते याच नमुन्यात पाहू.

समजा, गाळ्यात शेजारी पुढच्या ऑर्डरचा ‘अ’ माल तयार पडला आहे. खोके त्याच मापाचे, छपाई तीच, क्रमांकही पुन्हा एकपासून. ‘ब’ची सहावी रांग लागते आहे. त्यातला १८७ क्रमांकाचा खोका खांबामागे सरकला आहे. हात मोकळा राहू नये म्हणून कोणीतरी शेजारच्या थप्पीतला एक उचलून देतो, ‘अ’चा, क्रमांक २३. रेघांच्या टॅलीत काही बिघडत नाही. रांगेत छत्तीस, बरोबर. शेवटी ३५४, बरोबर. कंटेनर जातो. तिकडे ‘अ’ १४५ निघतात आणि ‘ब’ ११९. इकडे खांबामागचा खोका दुसऱ्या दिवशी झाडताना सापडतो. तोवर कंटेनर बंदराच्या फाटकातून आत गेलेला असतो.

हीच भराई क्रमांकांच्या तक्त्यावर करून पाहा. कागदावर १ ते ३५४ चौकोनांत छापलेले असतात आणि खोका चढताना त्याचा क्रमांक पुकारला की चौकोन कापायचा. सहाव्या रांगेत ‘२३’ पुकारला जातो. तो चौकोन पहिल्या चार रांगांतच कापून झाला आहे. तिथेच हात थांबतो. एवढ्या गोंगाटात तो क्षण निसटला, तरी रांगेच्या शेवटी दुसरी गाळणी आहे. पाचवी आणि सहावी मिळून ‘ब’ ७२ व्हायला हवेत, भरतात ७१. सहावी रांग अजून उघडी आहे. चुकीचा खोका बाहेर निघतो, १८७ शोधून आणला जातो. पाच-दहा मिनिटांचे काम. हीच चूक नवव्या रांगेनंतर ध्यानात आली, तर सहावीपर्यंत पोचायला मधले शंभराहून अधिक खोके उतरवावे लागतात.

क्रमांक पुकारण्याची रीतही पाहण्यासारखी आहे. वसई-विरारच्या गाळ्यांत भराईचे लोक अनेकदा हिंदी बोलणारे असतात आणि पॅडवाला मराठी. हिंदीतले ‘उनासी’ म्हणजे ७९ आणि ‘नवासी’ म्हणजे ८९. ट्रेलरचे इंजिन चालू असताना हे दोन्ही कानाला सारखेच लागतात. म्हणून अनुभवी माणूस आकडे सुटे करून घेतो. एक, आठ, सात. आणि तोच आकडा मोठ्याने परत म्हणतो, म्हणजे पुकारणाऱ्यालाही दुरुस्त करता येते. मोठ्या गोदामांत बारकोडचा स्कॅनर हे काम करतो. पण लेबल चुकीच्या खोक्यावर चिकटले असेल, तर स्कॅनर ते निमूट मान्य करतो. खोक्यावरचे छापील नाव आणि लेबल यांवर एकदा तरी नजर फिरवावीच लागते.

मापांकडे परत जाऊ, कारण प्लॅन कागदावर बसतो आणि खोका मात्र फुगतो. डबे भरून टेप मारली की पुठ्ठ्याच्या बाजू बाहेर येतात. ३९चा खोका ४० भरला, तर सहा थरांत सहा सेंटिमीटर वाढतात आणि छताशी आपल्याकडे पाचच मोकळे होते. सहावा थर बसत नाही. हे कळायची जागा पहिली रांग. पहिल्या रांगेतला छत्तिसावा खोका सुखाने बसला नाही तर पुढे जाऊच नये. तसेच पुढे गेले तर नऊ रांगांत सहा-सहा, म्हणजे चोपन्न खोके बाहेर राहतात. एकाची किंवा दोघांची उणीव नव्हे, सगळा कागद बदलायची वेळ. म्हणून पॅकिंगच्या टेबलावर रिकाम्या नव्हे, भरून टेप मारलेल्या चार-पाच खोक्यांची मापे टेपने घेऊन मगच प्लॅन आखावा.

आपल्याकडच्या पावसाळ्याचा इथे सरळ संबंध येतो. पुठ्ठा हवेतला ओलावा ओढतो आणि फार दमट हवेत त्याची ताकद निम्म्यावरही येऊ शकते. ‘अ’चा एक खोका १४ किलोचा धरला, तर तळच्या खोक्यावर पाच खोके, सत्तर किलो. जुलैमध्ये गाळ्याच्या ओलसर फरशीवर दोन दिवस पडलेला खोका हे वजन घेऊन महिनाभर समुद्रात उभा राहील, असे समजू नये. माल लाकडी पॅलेटवर ठेवावा. चढवताना तळच्या थरासाठी कोपरे दाबून पाहावेत; नरम लागला तर खोका बदलावा. खोका बदलला की क्रमांकही नव्या खोक्यावर तोच लिहिला गेला का, हे तपासावे. ओल्या खोक्यातला माल नव्यात गेला, क्रमांक मात्र जुन्यावरच राहून कचऱ्यात गेला, हा घोळ ऐकायला साधा वाटतो. तक्त्यावर एक चौकोन कायमचा कोरा राहतो आणि त्याचे कारण कोणालाच सापडत नाही.

भरण्याआधी कंटेनरही पाहायचा असतो. एकाने आत उभे राहायचे, बाहेरून दारे लावून घ्यायची आणि छताला, भिंतींना कुठून उजेड येतो का ते पाहायचे. उजेड येतो तिथून पाणी येते. मग बाहेरचा क्रमांक बुकिंगच्या कागदाशी ताडायचा. चार अक्षरे, सहा आकडे आणि चौकटीतला एक शेवटचा आकडा. तो शेवटचा आकडा आधीच्या दहांवरून हिशेबाने काढलेला असतो. त्यामुळे लिहिताना एखादा आकडा चुकला तर संगणक सहसा तो नाकारतो. दारावरच्या क्रमांकाचा फोटो घेऊन त्यावरूनच कागद भरावेत, कोणी फोनवर सांगितलेल्यावरून नव्हे.

वजनाचा भाग थोडक्यात. २०१६च्या १ जुलैपासून भरलेल्या कंटेनरचे प्रमाणित वजन दिल्याशिवाय तो जहाजावर चढत नाही. नमुन्यात ‘अ’ १४ किलोचा, ‘ब’ १२चा, ‘क’ साडेनऊचा धरला, तर माल २०१६ अधिक १४४० अधिक ८५५, एकूण ४३११ किलो. त्यात कंटेनरच्या दारावर लिहिलेले त्याचे रिकामे वजन आणि आतले भरण मिळवायचे. पहिल्या पाच रांगांत २४४८ किलो येतात, साधारण सत्तावन्न टक्के. एका अर्ध्यात साठ टक्क्यांच्या वर वजन जाऊ देऊ नये, असा या व्यवसायातला जुना नियम आहे, तो इथे पाळला जातो. अनेकांना वाटते की वजनकाट्यावर आकडा जुळला म्हणजे खोकेही जुळले. ट्रेलरचा काटा पाच-दहा किलोच्या टप्प्याने बोलतो, गाडीतल्या डिझेलनेच त्याहून मोठा फरक पडतो. बारा किलोचा एक खोका त्याला दिसत नाही. ‘ब’च्या जागी गेलेला ‘अ’ तर फक्त दोन किलोंचा फरक. काटा पूर्ण रांग राहिलेली पकडेल. एक खोका पकडायचा असेल तर तक्ताच हवा.

दहावी रांग लागली, दाराशी वीस सेंटिमीटर उरले. खोके फुगल्यामुळे प्रत्यक्षात त्यातले दहाच असतील. ती फट हवेच्या पिशव्यांनी किंवा घडी घातलेल्या पुठ्ठ्यांनी भरतात, नाहीतर तिकडे दार उघडणाऱ्याच्या अंगावर वरचा थर येतो. आता तक्त्यावर सगळे ३५४ चौकोन कापलेले असावेत आणि जमिनीवर या ऑर्डरचा एकही खोका नसावा. या दोन्ही गोष्टी पाहायच्या. एक पाहून दुसरी गृहीत धरायची नाही. एक चौकोन कोरा असेल आणि खोका गाळ्यात कुठेच सापडत नसेल, तर ड्रायव्हर कितीही घाई करो, सील लावण्याआधी मालकाला फोन जायला हवा. आकडा खरा ३५३ असेल तर तो ३५३ म्हणूनच जावा: पॅकिंग लिस्ट आणि इनव्हॉइस बदलावे, कस्टम ब्रोकरकडून शिपिंग बिलात दुरुस्ती करून घ्यावी. त्यात अर्धा दिवस जातो, कधी जहाजही चुकते. तरीही सील लागल्यावर कळण्यापेक्षा हे स्वस्त पडते. कागद एक बोलतात आणि माल दुसरे, असे झाले तर ग्राहक पैसे कापतो आणि कस्टमपुढे उत्तर द्यावे लागते.

सगळे जुळल्यावर दारे बंद होतात, आधी डावे, मग उजवे. बोल्ट सील उजव्या दाराच्या कडीला लागते. सीलचा क्रमांक, कंटेनरचा क्रमांक आणि बंद दार एकाच फोटोत घेतात. सीलची आणि शिपिंग बिलाची माहिती कस्टमच्या प्रणालीत भरली की ट्रेलर निघतो.

तक्ता मात्र टाकून द्यायचा नसतो. दीड-दोन महिन्यांनी ग्राहकाची मेल येते: ‘ब’चा एक खोका कमी आहे. तेव्हा निर्यातदाराकडे नुसता ‘३५४ पाठवले’ असा आकडा असेल, तर तो एका शब्दाविरुद्ध दुसरा शब्द. पण कापलेला तक्ता, प्रत्येक रांगेखालची बेरीज आणि सही, दहा रांगांचे दहा फोटो आणि सीलचा क्रमांक असेल, तर ग्राहकाला नेमके विचारता येते: सील तेच होते का? आठव्या रांगेचे खालचे दोन थर ‘ब’चे होते, ते उतरवताना ‘क’मध्ये मोजले गेले का? कमी पडलेल्या खोक्याचा क्रमांक काय? अशा वेळी पुष्कळदा खोका त्यांच्याच गोदामात सापडतो, ‘क’च्या थप्पीत, कारण मिश्र रांग तिकडच्या मोजणाऱ्यालाही तितकीच फसवते. म्हणून आता काही निर्यातदार लोड प्लॅनची प्रत, मिश्र रांगेवर गोल करून, शेवटच्या रांगेतल्या एका खोक्याच्या दाराकडच्या बाजूला चिकटवून पाठवतात. दार उघडताच समोर दिसेल अशी.